आठवड्यातून एकदाच खेळणाऱ्यांसाठी हॅमस्ट्रिंगचा वॉर्म-अप

मैदानावर पोहोचायचे, बूट बांधायचे, वाकून पायाचे अंगठे धरायचे, मैदानाला एक फेरी मारायची आणि खेळाला लागायचे, एवढाच बहुतेक हौशी खेळाडूंचा वॉर्म-अप असतो. हॅमस्ट्रिंगच्या दृष्टीने यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट राहून जाते. हे स्नायू सावकाश धावताना सहसा दुखावत नाहीत; ते जवळजवळ पूर्ण वेगाने पळताना दुखावतात. जो माणूस आठवडाभर एकदाही जोरात पळालेला नाही, त्याचा त्या आठवड्यातला पहिला खरा स्प्रिंट भर सामन्यात होतो, आणि तोही चेंडू निसटताना दिसल्यामुळे, मागचापुढचा विचार न करता. पुढे दिलेला क्रम ही एक गोष्ट बदलण्यासाठी आहे. आठवड्यातला पहिला वेगवान स्प्रिंट वॉर्म-अपमध्ये, सरळ रेषेत आणि पायरीपायरीने झाला पाहिजे.

हा क्रम सुमारे २० ते २५ मिनिटांचा आहे. उदाहरणे मुख्यतः फुटबॉलची घेतली आहेत, परंतु क्रिकेट, हॉकी किंवा अचानक वेगाने पळावे लागणाऱ्या कोणत्याही खेळाला तो थोड्याफार फरकाने लागू पडतो.

स्नायू नेमका कोणत्या क्षणी दुखावतो

हॅमस्ट्रिंग हा मांडीच्या मागच्या बाजूच्या तीन स्नायूंचा गट आहे. खुर्चीत बसल्यावर नितंबाखाली जे हाड टेकते, तेथून हे स्नायू निघतात आणि गुडघ्याच्या खाली, आतल्या व बाहेरच्या बाजूला, जाऊन जोडले जातात. त्यामुळे खुबा आणि गुडघा या दोन्ही सांध्यांवर त्यांचे काम एकाच वेळी चालते. मांडी मागे नेणे आणि गुडघा दुमडणे ही त्यांची कामे सर्वांना ठाऊक असतात, पण दुखापत समजून घ्यायची तर त्यांचे तिसरे काम पाहावे लागते.

वेगाने पळताना एक पाय मागून पुढे येतो, मांडी वर उचलली जाते आणि गुडघा झपाट्याने सरळ होऊ लागतो. पाऊल जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी, पुढे फेकल्या जाणाऱ्या नडगीला लगाम घालण्याचे काम हॅमस्ट्रिंगवर येते. त्या क्षणी हे स्नायू लांबत असतात आणि लांबता लांबताच जोर लावत असतात. स्प्रिंटमधल्या बहुसंख्य दुखापती याच टप्प्यात होतात असे मानले जाते, आणि त्यांत बाहेरच्या बाजूचा स्नायू, म्हणजे बायसेप्स फेमोरिस, सर्वाधिक वेळा सापडतो. वेग जसा कमालीच्या जवळ जातो, तसे हे लगाम घालण्याचे काम वेगाच्या मानाने कितीतरी जास्त वाढते. सावकाश जॉगिंगमध्ये गुडघा असा झटक्याने सरळ होतच नाही, म्हणून १० मिनिटे जॉगिंग करूनही हॅमस्ट्रिंगला पुढे काय येणार आहे याची चुणूकसुद्धा मिळालेली नसते.

दुखापतीचा दुसरा प्रकार ताणाचा आहे. उंच लाथ मारताना, घसरून चेंडू अडवताना किंवा पाय लांब टाकून वाकताना स्नायू मर्यादेपलीकडे ताणला जातो. हा प्रकार कमी आढळतो, मात्र त्यात इजा बसण्याच्या हाडाजवळ झाली तर बरे व्हायला बराच अधिक काळ लागू शकतो.

वॉर्म-अपने स्नायूंचे तापमान वाढते, ते अधिक चपळपणे आकुंचन पावतात, सांधे मोकळे होतात आणि पळण्याची लय बसते. वॉर्म-अपने स्नायूची ताकद मात्र वाढत नाही. लांबत असताना जोर लावण्याची क्षमता कमी असेल, तर रविवारी सकाळी २० मिनिटांत ती कुठून येणार? ती आठवड्याच्या मधल्या दिवसांतच मिळवावी लागते, म्हणून वॉर्म-अपच्या आधी तिच्याबद्दल.

आठवड्याच्या मधला एक दिवस

लांबत्या स्थितीतली ताकद वाढवण्यासाठी सर्वाधिक तपासला गेलेला व्यायाम म्हणजे नॉर्डिक हॅमस्ट्रिंग. नेदरलँड्समधील हौशी फुटबॉलपटूंवर झालेली एक चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात हा व्यायाम नियमाने करणाऱ्या खेळाडूंना हॅमस्ट्रिंगच्या दुखापती लक्षणीय प्रमाणात कमी झाल्याचे दिसले. अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यातही या दुखापती साधारण निम्म्याने कमी झाल्याचे आढळले आहे. अर्थात, हा फायदा व्यायाम सातत्याने करणाऱ्यांचा आहे.

करण्याची पद्धत अशी. मऊ चटईवर किंवा घडी घातलेल्या चादरीवर गुडघे टेकून उभे राहावे. मागे कोणीतरी दोन्ही घोटे घट्ट धरून ठेवावेत. कोणी नसेल तर जड पलंगाच्या किंवा सोफ्याच्या खाली टाचा अडकवता येतात, मात्र ते फर्निचर उचलले जाणार नाही याची आधी खात्री करावी. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत शरीर एका रेषेत ठेवून हळूहळू पुढे झुकत जावे. कंबरेत वाकू नये, कारण कंबर मागे गेली की भार हॅमस्ट्रिंगवरून निघून जातो आणि व्यायाम केल्याचे केवळ समाधान उरते. जेवढा वेळ पडणे रोखून धरता येईल तेवढे रोखावे, मग दोन्ही तळहातांवर अलगद पडावे आणि हातांनी जमीन ढकलून परत यावे. वर येताना पायांनी जोर लावण्याची गरज नाही. फायदा खाली जाण्याच्या भागात आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्या आठवड्यात ३ वेळा असे २ संच करावेत, पुढच्या आठवड्यात ४ वेळा, त्यानंतर ५ वेळा, आणि साधारण ६ ते ८ वेळांवर स्थिर व्हावे. संचांमध्ये दीड ते दोन मिनिटे विश्रांती असावी. आठवड्यातून एक दिवस जमला तरी चालेल, दोन जमले तर अधिक चांगले. खरी अडचण वाराची असते. सवय नसलेल्या माणसाला या व्यायामानंतर मांडीचा मागचा भाग दोन ते तीन दिवस दुखतो, आणि त्या काळात स्नायूची ताकदही तात्पुरती उतरलेली असते. सामना रविवारी असेल तर पहिले तीन-चार आठवडे नॉर्डिक मंगळवारी किंवा बुधवारीच करावा. सवय झाल्यावर गुरुवारही चालतो. शनिवारी किंवा सामन्याच्या वॉर्म-अपमध्ये तो करू नये, कारण थकलेला हॅमस्ट्रिंग घेऊन मैदानात उतरणे हे आपण जे टाळू पाहतो त्यालाच निमंत्रण आहे.

या मुद्द्यावर एक गैरसमज वारंवार दिसतो. फिफाच्या वैद्यकीय संशोधन केंद्राच्या पुढाकाराने तयार झालेला ‘फिफा ११+’ हा वॉर्म-अप बराच प्रसिद्ध आहे आणि त्यात नॉर्डिक समाविष्ट आहे, म्हणून अनेक जण तो संपूर्ण कार्यक्रम सामन्याच्या आधी जसाच्या तसा करतात. प्रत्यक्षात तो संपूर्ण कार्यक्रम सरावाच्या दिवसांसाठी, आठवड्यातून किमान दोनदा करण्यासाठी आखलेला आहे. सामन्यापूर्वी त्यातील फक्त धावण्याचे भाग करावेत, असे त्याच्या पुस्तिकेतच सांगितले आहे. रविवारीच भेटणाऱ्या संघाला ही तळटीप माहीत नसते आणि ताकदीचे व्यायाम नेमक्या चुकीच्या वेळी उरकले जातात.

त्याच मधल्या दिवशी, नॉर्डिकच्या आधी, ४ वेळा ३० मीटर अंतर सत्तर-ऐंशी टक्के वेगाने पळून घेतले तर फार उत्तम. रविवारच्या वेगाची ओळख पायांना आठवड्यातून दोनदा होते, आणि एकदम शून्यावरून वर जाण्याची वेळ येत नाही.

पायरी पहिली: अंग तापवणे, ५ मिनिटे

सुरुवात सावकाश जॉगिंगने करावी. वेग असा असावा की सोबतच्या खेळाडूशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल. दोन मिनिटांनी त्यात बाजूने सरकत पळणे आणि काही पावले उलटे पळणे मिसळावे. कपाळावर आणि पाठीवर हलका घाम जाणवू लागला की ही पायरी झाली असे समजावे. थंडीच्या सकाळी त्याला सात-आठ मिनिटे लागतील आणि तोपर्यंत अंगातला जाडा कपडा काढू नये. उकाड्यात तीन-चार मिनिटेही पुरतात, तेव्हा घड्याळापेक्षा घामाकडे लक्ष द्यावे.

पायरी दुसरी: हालचालीतून ताण, ४ ते ५ मिनिटे

येथे वाकून अंगठे धरून उभे राहण्याची सवय सोडावी लागते. एक स्नायू मिनिटभर किंवा त्याहून अधिक काळ स्थिर ताणून धरला, तर त्यानंतर थोडा वेळ त्याची ताकद आणि झटका कमी होतो. हॅमस्ट्रिंगची दुखापत अशा ताणाने टळते असेही भक्कमपणे दिसून आलेले नाही. ज्यांना स्थिर ताण घेतल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी तो १५ ते २० सेकंदांपुरता, या पायरीच्या अगदी सुरुवातीला घ्यावा. त्याने फारसे बिघडत नाही. लवचीकतेसाठी लांब ताण घ्यायचे असतील तर ते संध्याकाळी घरी घ्यावेत.

त्याऐवजी तीन हालचाली पुरेशा आहेत. पहिली, सहकाऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन पाय पुढे-मागे झुलवणे, प्रत्येक पायाने १० ते १२ वेळा. पहिले दोन-तीन झोके कंबरेखालीच ठेवावेत आणि मग हळूहळू उंची वाढवावी; पाठीला बाक येऊ लागला की ती उंची आपल्यासाठी जास्त आहे. दुसरी, चालता चालता लंज, प्रत्येक पायाने ८ वेळा, पाऊल लांब टाकून आणि मागचा गुडघा जमिनीजवळ नेऊन. तिसरी, चालता चालता एक टाच पुढे टेकवून, तो गुडघा जवळजवळ सरळ ठेवून, पाठ ताठ राखत खुब्यातून वाकणे आणि दोन्ही हात जमिनीलगत पुढे झाडल्यासारखे फिरवत वर येणे, प्रत्येक पायाने ६ ते ८ वेळा. यातल्या कोणत्याही हालचालीत शेवटच्या टोकाला हिसके देऊ नयेत.

पायरी तिसरी: स्नायूला कामाला लावणे, ३ मिनिटे

पाठीवर झोपून एक टाच जमिनीवर रोवावी. ती नितंबांपासून नेहमीच्या पुलाच्या व्यायामापेक्षा थोडी लांब ठेवावी, म्हणजे भार नितंबांबरोबर हॅमस्ट्रिंगवरही येतो. दुसरा पाय वर धरून कंबर उचलावी, दोन सेकंद थांबावे आणि खाली यावे. असे प्रत्येक पायाने ६ ते ८ वेळा करावे. मग उभे राहून एका पायावर तोल सांभाळत, गुडघा किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून खुब्यातून पुढे झुकावे आणि दुसरा पाय मागे जाऊ द्यावा. प्रत्येक पायाने ५ वेळा, सावकाश. या पायरीचा हेतू स्नायूला जागे करणे हा आहे, थकवणे नव्हे. जळजळ होईपर्यंत केले तर ते जास्त झाले.

या पायरीचा आणखी एक उपयोग म्हणजे दोन्ही पायांची तुलना येथे होते. एका बाजूला कंबर उचलताना मांडीच्या मागे पेटका आल्यासारखे वाटत असेल, टोचत असेल किंवा ती बाजू स्पष्टपणे कमी जोराची वाटत असेल, तर पुढच्या पायऱ्यांवर त्या बाजूकडे विशेष लक्ष ठेवावे.

पायरी चौथी: पळण्याची लय, ३ मिनिटे

साधारण १५ मीटरचे अंतर घ्यावे. आधी गुडघे उंच उचलत चालावे, मग तेच उड्या घेत करावे, आणि शेवटी टाचा नितंबांकडे नेत हलके पळावे. प्रत्येक प्रकार दोनदा. पाऊल शरीराच्या खाली पडते की पुढे, एवढेच पाहावे. पाऊल शरीराच्या फार पुढे टाकण्याची सवय असेल तर प्रत्येक वेळी हॅमस्ट्रिंग अधिक लांब खेचला जातो. धड ताठ असावे, छाती पुढे झुकवून आणि कंबरेला मागे बाक देऊन पळू नये, कारण कटी पुढे कलंडली की हॅमस्ट्रिंगचा वरचा जोड आधीच ताणलेला राहतो.

पायरी पाचवी: वेगाच्या पायऱ्या, ६ ते ७ मिनिटे

हा या संपूर्ण क्रमाचा गाभा आहे. वेळ कमी असेल तर बाकीच्या पायऱ्या थोड्या आटोपत्या घ्याव्यात, पण ही सोडू नये. नेमकी हीच सर्वाधिक वेळा सोडली जाते.

सुमारे ३० ते ३५ मीटर अंतर लागते आणि त्यापुढे थांबण्यासाठी आणखी १५ मीटर मोकळी जागा. पूर्ण आकाराच्या फुटबॉल मैदानावर पेनल्टी बॉक्सच्या रेषेपासून मध्यरेषेपर्यंतचे अंतर साधारण एवढेच भरते, आणि मध्यरेषेच्या पलीकडे थांबायला जागा असते. क्रिकेटच्या मैदानावर खेळपट्टीची लांबी सुमारे २० मीटर असते, तेव्हा दीड खेळपट्टी मोजून बाहेरच्या गवतावर खुणा कराव्यात.

प्रत्येक धाव तीन भागांत घ्यावी. पहिले १५ मीटर हळूहळू वेग वाढवत जायचे, पुढचे १५ ते २० मीटर तो वेग टिकवायचा, आणि मग छोटी छोटी पावले टाकत, लांब अंतरावर थांबायचे. जागेवरून झटका मारून सुटायचे नाही आणि खच्चून थांबायचेही नाही. परत चालत यायचे, तीच विश्रांती.

पहिल्या दोन धावा साठ टक्के वेगाने. हा वेग म्हणजे जोरदार पण निवांत पळणे, ज्यात चेहरा व खांदे सैल असतात. पुढच्या दोन धावा पंच्याहत्तर टक्क्यांनी. येथे वाऱ्याचा आवाज कानात येऊ लागतो आणि बोलता येत नाही, पण आणखी वेग काढता येईल हे स्पष्ट जाणवते. त्यानंतर एक धाव पंच्याऐंशी टक्क्यांनी. मग मिनिटभर चालून एक धाव नव्वद ते पंच्याण्णव टक्क्यांनी, म्हणजे सामन्यात चेंडूसाठी जसे पळाल तशीच, फक्त कोणाशी शर्यत न लावता. शर्यत लागली की टक्क्यांचा हिशेब उरत नाही, म्हणून ही धाव एकेकट्याने घ्यावी.

प्रत्येक पायरीनंतर चालत येताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: दोन्ही मांड्यांच्या मागे सारखेच वाटते आहे का? उत्तर हो असेल तरच वर जावे. एका बाजूला ओढ, कडकपणा किंवा बारीकशी कळ वाटली तर आधीच्या पायरीचा वेग पुन्हा घ्यावा. तेवढ्याने ती नाहीशी झाली तर पुढे जाता येईल. तीच जागा दुसऱ्यांदा बोलली, तर त्या दिवशी त्या पायरीच्या पुढचा वेग आपल्यासाठी नाही. सामन्यात वेगावर ताबा ठेवणे कोणालाही जमत नाही, म्हणून अशा दिवशी गोलरक्षक व्हावे किंवा बाहेर बसावे. दोन्ही मांड्या सारख्याच जड वाटत असतील तर तो बहुधा आठवड्याचा थकवा असतो. एका बाजूची, एकाच जागी बोट ठेवून दाखवता येणारी तक्रार अधिक गंभीरपणे घ्यावी.

पायरी सहावी: खेळातल्या हालचाली, ३ मिनिटे

फुटबॉलमध्ये आधी जवळचे पास, मग लांबचे, आणि त्यानंतरच गोलवर जोरदार फटके. थंड पायाने आल्या आल्या गोलवर फटके मारत बसणे ही फार रूढ झालेली आणि ताणाच्या दुखापतीला वाट करून देणारी सवय आहे. क्रिकेटमध्ये पळत येऊन वाकून चेंडू उचलणे चार-पाच वेळा करावे, कारण पळता पळता धड पुढे झुकले की हॅमस्ट्रिंग दोन्ही टोकांनी ताणला जातो. गोलंदाजाने धाव घेऊन अर्ध्या, मग पाऊण जोराने चेंडू टाकावेत. वळणे आणि दिशा बदलणे या पायरीवरच, आधी मध्यम वेगाने.

एक रविवार, घड्याळासह

समजा, ३८ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. आठवडाभर खुर्चीत बसून काम, रविवारी सकाळी ७:३० वाजता दोन तासांचा फुटबॉल. वर्षभरापूर्वी उजवा हॅमस्ट्रिंग दुखावला होता, म्हणजे त्यांचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे, कारण आधी झालेली दुखापत हा पुढच्या दुखापतीचा सर्वांत ठळक इशारा मानला जातो आणि वयाचाही त्यात वाटा असतो.

मंगळवारी संध्याकाळी ते घराजवळच्या मोकळ्या जागेत जॉगिंग करून पंच्याहत्तर टक्क्यांच्या ४ धावा घेतात आणि घरी येऊन ५ वेळा नॉर्डिकचे २ संच करतात. बुधवार-गुरुवारी मांड्या दुखतात, शुक्रवारी मोकळ्या होतात. रविवारी ते ७:०० वाजता मैदानावर असतात. बूट बांधून ७:०३ ला जॉगिंग, ७:०८ ला हालचालीतला ताण, ७:१२ ला पुलाचा व्यायाम. येथे उजवी बाजू थोडी कमजोर वाटते, पण टोचत नाही. ७:१५ ला लय, ७:१८ ला पहिली धाव. साठ टक्क्यांच्या दोन्ही धावा स्वच्छ. पंच्याहत्तरच्या दुसऱ्या धावेत उजव्या मांडीमागे किंचित ओढ लागते. ते पंच्याऐंशीला न जाता साठ टक्क्यांची एक धाव पुन्हा घेतात, मग पंच्याहत्तरची. ओढ गेलेली असते. त्यानंतर पंच्याऐंशी आणि शेवटची नव्वद. या दोन जादा धावांमुळे घड्याळ ७:२६ वर येते, तेव्हा पास आणि फटके ३ मिनिटांत आटोपून ७:३० च्या शिटीला ते कोमट नव्हे, चांगले तापलेले असतात. पंच्याहत्तरच्या तिसऱ्या धावेतही ओढ कायम राहिली असती, तर त्यांचा दिवस गोलपोस्टमध्ये गेला असता.

वॉर्म-अप वाया कसा जातो

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे त्यानंतरची वाट पाहणे. दोन खेळाडू उशिरा येतात, संघ पाडले जातात, गप्पा रंगतात आणि पंधरा-वीस मिनिटे उलटतात. तेवढ्या वेळात स्नायूंचे तापमान पुन्हा बरेच उतरलेले असते. संघ आधी पाडावेत आणि वॉर्म-अप नंतर करावा, म्हणजे शेवटची धाव आणि पहिली शिटी यांत पाच मिनिटांहून जास्त वेळ जात नाही. उशीर झालाच, तर पंच्याहत्तर टक्क्यांची एक आणि पंच्याऐंशीची एक अशा दोन धावा पुन्हा घ्याव्यात.

हेच मध्यंतराला लागू आहे. बसून राहिल्यानंतर थेट खेळाला भिडण्याऐवजी शेवटची दोन-तीन मिनिटे जॉगिंग आणि दोन वाढत्या वेगाच्या धावा घ्याव्यात. राखीव खेळाडूने आणि क्रिकेटमध्ये सीमारेषेवर बराच वेळ स्थिर उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाने दर काही मिनिटांनी पाय झुलवणे व लहान धावा चालू ठेवाव्यात. दहा षटके एका जागी उभे राहून अकराव्या षटकात चेंडूमागे झेपावणाऱ्याची अवस्था वॉर्म-अप न केलेल्या माणसासारखीच असते.

थकवा हा आणखी एक शत्रू आहे आणि त्यावर वॉर्म-अपचा इलाज चालत नाही. फुटबॉलमध्ये या दुखापती प्रत्येक डावाच्या उत्तरार्धात अधिक दिसतात. पाय जड झाले, पावले लांब पडू लागली, धड पुढे झुकू लागले की पाच मिनिटे बाहेर बसून दुसऱ्याला आत पाठवावे. हौशी खेळात बदली खेळाडूंवर सहसा मर्यादा नसते, त्या सवलतीचा उपयोग करावा.

दुखापत झालीच तर

पळता पळता मांडीच्या मागे कोणी दगड मारल्यासारखा आघात जाणवला, टक्क असा आवाज आला किंवा वेग आपोआप तुटला, तर तेथेच थांबावे. ‘चालून बघतो, सुटेल’ असे म्हणून पुन्हा पळू नये, तेथे चोळू नये आणि ताणूनही पाहू नये. कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटे लावावा, लवचीक पट्टी सैलसर पण आधार देईल इतपत बांधावी. पाय टाकणे अशक्य होत असेल, बसण्याच्या हाडाजवळच वेदना असेल, दुसऱ्या दिवशी मांडीवर मोठा काळानिळा डाग उतरला असेल, स्नायूमध्ये खड्डा हाताला लागत असेल किंवा पायात मुंग्या व बधिरपणा असेल, तर लगेच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. कंबरेतून निघणाऱ्या शिरेच्या त्रासानेही मांडीच्या मागे दुखू शकते. कोणत्याही स्प्रिंटशिवाय सुरू झालेली आणि बसल्यावर वाढणारी वेदना त्या दिशेने बोट दाखवते, आणि तिच्यावर या लेखातला वॉर्म-अप हा उपाय नाही.

परतण्याची घाई सर्वांत महाग पडते. चालताना दुखत नाही म्हणजे स्नायू बरा झाला असे होत नाही, आणि पुन्हा होणाऱ्या दुखापतींपैकी बऱ्याच खेळात परतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतात. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली ताकद परत आणल्यावर, सामन्यात उतरण्यापूर्वी, पाचव्या पायरीतला क्रमच चाचणी म्हणून वापरावा: वेगवेगळ्या दिवशी, किमान तीन वेळा, साठपासून पंच्याण्णव टक्क्यांपर्यंतच्या सर्व धावा, दोन्ही बाजू सारख्या वाटत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही न दुखता पूर्ण झाल्या पाहिजेत. त्यानंतरचा पहिला सामनाही अर्धाच खेळावा.